मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या समस्त सरांना (आणि मॅडमना) खुलं पत्र

सर, नमस्कार.

हे पत्र खरं तर ट्रॅफिक पोलिसांना लिहावं असं आधी मनात होतं, मग वाटलं महापालिकेला लिहावं, पण त्यांना लिहिणारे शहरात भरपूर आहेत आणि तुम्हाला कोणीच लिहीत नाही. लायसन हातात आलं की आपला संबंध संपतो, तुम्ही पुढच्या बॅचला लागता, आम्ही ईएमआयला लागतो. म्हणून म्हटलं यावेळी तुम्हाला लिहूया, कारण विषय तुमच्या दाराशी सुरू होतो.

विषय असा की चांगली, सभ्य, अहो-जाहो करणारी माणसं जॅममध्ये स्टिअरिंगमागे बसली की त्यांना होतं काय? मी गुंडांबद्दल बोलत नाहीये, रॉड घेऊन खाली उतरणारे वेगळे, त्यांचं पोलिस बघतील. मी बोलतेय ती लिफ्टमध्ये शिरताना आधी दुसऱ्याला जाऊ देणारी, वॉचमनच्या मुलांची फी भरणारी माणसं. वाकडच्या भूमकर चौकात संध्याकाळी साडेसहाला हीच माणसं काच खाली करून जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

लोक म्हणतात रस्त्यावर माणसाचा खरा चेहरा दिसतो. मला हे अजिबात पटत नाही. खरा चेहरा तोच असता तर लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये कधीतरी दिसलाच असता ना. तिथे पण गर्दी असते, उशीर असतो, घुसणारे असतात. म्हणजे स्वभाव तोच आहे आणि गाडीत काहीतरी वेगळं घडतंय. ते काय हे मी गेले काही महिने वाचत होते, कारण ऑफिस हिंजवडीत आणि घर वाकडमध्ये, त्यामुळे अभ्यासाला प्रयोगशाळा घराबाहेरच आहे.

एक प्रसंग सांगते. आमच्या टीममध्ये एक सीनियर आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आवाज कधी चढत नाही, ईमेलमध्ये ज्युनियरला पण "कृपया" लिहितात. त्या दिवशी दुपारी कँटीनच्या लाइनमध्ये एक इंटर्न पोरगा मध्येच घुसला तर हे त्याला म्हणाले, घे घे, तुझी मीटिंग असेल. संध्याकाळी त्यांच्याच गाडीतून मी घरी येत होते. आमची लाइन हळूहळू सरकत होती, डावीकडून सर्व्हिस रोडची लाइन येऊन मिळत होती, पुढे दोन्हीची मिळून एकच लेन होणार होती. अण्णांनी पुढच्या गाडीपासून एका गाडीचं अंतर सोडलेलं, नेहमीसारखं. मागच्याने हॉर्न मारला. मग परत मारला. तेवढ्यात डावीकडून एका पांढऱ्या छोट्या गाडीने नाक आत घातलं आणि अण्णांनी, म्हणजे आमच्या त्याच अण्णांनी, क्लच सोडून गाडी अशी पुढे घेतली की पुढच्याच्या बंपरमध्ये आणि आमच्यात वीतभर पण जागा राहिली नाही. काच खाली. "ए, डोळे फुटले का?" तिकडची काच काळी, वर मावळतीचं ऊन पडलेलं, आत कोण आहे ते दिसेना. नंतर गाडी सरळ झाली तेव्हा दिसलं, आमच्याच वयाची एक बाई होती आणि तिचा एक हात वर होता. तो हात "सॉरी" होता का "जाऊ द्या ना" होता का "काय करायचं ते कर" होता, ते देवालाच ठाऊक. अण्णांनी तो तिसऱ्या अर्थाने घेतला.

मग काय झालं, तर दोन्ही गाड्या तिरक्या अडकल्या. ती आत येऊ शकेना, आम्ही सरळ जाऊ शकेना कारण तिचं नाक आमच्या डाव्या आरशाला लागत होतं. पुढची लाइन सुटली आणि पुढे भलीमोठी मोकळी जागा झाली, त्यात तीन बाइकवाले आणि एक रिक्षा शिरली. मागून सगळे कोकलत होते. शेवटी ती एकदाची थोडी मागे सरकली आणि आम्ही निघालो. घरी येईपर्यंत अण्णा एक अक्षर बोलले नाहीत.

आता सर, हा प्रसंग जरा हिशोबाने बघूया. ट्रॅफिक इंजिनियरिंगमध्ये एक ढोबळ आकडा वापरतात, की सुटलेल्या एका लेनमधून तासाला साधारण १८०० गाड्या निघतात, म्हणजे दर २ सेकंदाला एक. आपल्याकडे बाइक-रिक्षाची खिचडी असल्यामुळे इकडेतिकडे होईल पण अंदाज तोच. म्हणजे ती बाई पुढे गेली असती तर अण्णांचं नुकसान २ सेकंद. समजा पुढे प्रत्येक वेळी एक आपली, एक त्यांची अशी गाडी गेली आणि आमच्या पुढे दहा गाड्या होत्या, तर त्या दहाच्या वीस झाल्या, नुकसान २० सेकंद. आणि दोघं अडकून बसले त्यात मिनिटभर तरी गेलं असेल, वर तीन बाइक आणि रिक्षा पुढे गेली ती वेगळीच. म्हणजे हे भांडण वेळेसाठी नव्हतंच. वेळेसाठी असतं तर हिशोबी माणसाने तिला जाऊ दिलं असतं, आणि अण्णा बजेटच्या एक्सेलमध्ये पैसा न पैसा जुळवणारे आहेत हो.

मग कशासाठी होतं? रांगेसाठी. अमेरिकेत स्टॅन्ली मिलग्राम म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये मुद्दाम माणसं पाठवून तिकिटाबिकिटांच्या शंभराच्या वर खऱ्या लाइनींमध्ये घुसखोरी करवली, १९८६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एक माणूस घुसला तर साधारण निम्म्या लाइनींमध्येच कोणीतरी हरकत घेतली. दोन घुसले तर नव्वद टक्क्यांच्या वर. आणि सगळ्यात जास्त हरकत कोणी घेतली तर जिथे घुसले त्याच्या लगेच मागे उभा असलेल्या माणसाने. नुकसान खरं तर मागच्या सगळ्यांचं सारखंच होतं, पण राखणदारी त्याच्यावर येते. त्याने घुसू दिलं तर मागचे त्याच्याकडे बघतात, हा कसला बावळट. अण्णांच्या मागचा जो हॉर्न वाजत होता ना, तो नेमका हाच होता. "जागा सोडू नको, बंद कर ती." अण्णा त्या बाईवर चिडले असं दिसलं, पण ते मागच्याच्या दबावाखाली होते. कँटीनमध्ये मागून कोणी हॉर्न मारत नाही म्हणून तिथे मोठेपणा दाखवता येतो.

आणि आणखी एक फरक आहे, मला तर हाच सगळ्यात मोठा वाटतो. कँटीनमध्ये तो पोरगा घुसला तेव्हा आधी अण्णांकडे बघून ओशाळं हसला होता. ते अर्ध्या सेकंदाचं हसू म्हणजे माफी होती, ती पोचली, विषय संपला. आपण दिवसभर असं शेकडो वेळा करतो आणि आपल्याला कळत पण नाही, धक्का लागला की हात वर, दारात अडकलो की मान खाली, कोणी पुढे गेलं तर भुवया. गाडीत बसलो की हे सगळं बंद. काचा काळ्या, तोंडं सगळ्यांची पुढे, आपल्याला दिसतो फक्त एक पत्र्याचा मागचा भाग आणि दोन लाल दिवे. लॉस एंजेलिसमध्ये जॅक कॅट्झ म्हणून समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नव्वदच्या दशकात विद्यार्थ्यांकडून तिथल्या गाडी चालवणाऱ्यांच्या रागाचे किस्से गोळा करवले, आणि त्यांचं म्हणणं साधारण असं की गाडी चालवताना माणूस मुका होतो. त्याला समोरच्याचं सगळं दिसतं पण आपलं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचवता येत नाही, आणि गाडी तर इतकी अंगाची होऊन गेलेली असते की बंपरजवळून कोणी गेलं तरी अंगाला घासून गेल्यासारखं वाटतं. म्हणजे अंगावर आलं असं वाटतंय, आणि बोलायची सोय नाही. उरतं काय तर हॉर्न.

आता हॉर्नचं बघा. "जरा पुढे घ्या", "सिग्नल सुटला", "सांभाळा, मी इथे आहे", "थँक्यू", "तुझ्या...", सगळ्याला एकच आवाज. ऐकणारा त्यातला सगळ्यात वाईट अर्थ घेतो. आणि आपल्या बाजूने मात्र आपण त्यातला सगळ्यात सौम्य अर्थ धरून मारलेला असतो! दुसऱ्याने कट मारला तर तो माजलेला, आपण मारला तर आपली लेन संपत होती हो, काय करणार. दुसऱ्याची कारणं दिसत नाहीत, नुसती कृती दिसते. हे सगळीकडेच होतं पण ऑफिसात निदान विचारता तरी येतं, की बाबा असं का केलंस.

रिक्षावाल्यांचं बघितलंय का कधी या नजरेने? भांडतात तर तेही, आणि चांगलं तार स्वरात भांडतात. पण रिक्षा उघडी असते. "काय भाऊ, घरचा रस्ता आहे का?" "अरे चल ना, दिसतंय ना पुढे बंद आहे." दोन वाक्यं होतात, एखादा हसतो पण, आणि सिग्नल सुटतो. हे माझं निरीक्षण झालं, पण अमेरिकेत १९९५ साली याच्याच जवळ जाणारा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सिग्नल हिरवा झाला तरी पुढची गाडी मुद्दाम हलवायची नाही, आणि मागे टप उघडणारी गाडी असेल तर नोंद करायची की टप उघडा आहे का बंद. उघड्या टपाच्या गाडीत बसलेल्यांनी हॉर्न उशिरा मारला आणि कमी मारला. चेहरा दिसत असला की माणूस जरा आवरतो.

इथे तुम्ही म्हणाल की मॅडम, रागावर कंट्रोल राहत नाही, डोकं फिरतं, त्याला आम्ही शिकवून काय होणार. तर त्याच्यावर माझ्याकडे एक भारी गोष्ट आहे. कॅलिफोर्नियात डूब आणि ग्रॉस या दोघांनी असंच सिग्नलवर गाडी अडवून बघितलं, १९६८ मध्ये ते छापून आलं. कधी चकचकीत महागडी गाडी अडवायची, कधी जुनं खटारं. खटाऱ्याला मागच्या ८४ टक्के लोकांनी हॉर्न मारला. महागड्या गाडीला ५० टक्के. थांबा, पुढचं ऐका. त्यांनी कॉलेजच्या काही पोरांना नुसतं कागदावर विचारलं की तुम्ही काय कराल, तर मुलगे म्हणाले आम्ही भारी गाडीला जास्त लवकर हॉर्न मारू. म्हणजे बोलायला सगळे वाघ.

आपल्याकडे हे सांगायला प्रयोग लागत नाही. पांढरी फॉर्च्युनर, काळ्या काचा, नंबर ४१४१ पण प्लेटवर "दादा" वाचता येईल असा लिहिलेला, ती सिग्नलला अर्धा मिनिट थांबली तरी मागे स्मशानशांतता असते. तीच जागा पिवळ्या रंगाच्या, वर एल बोर्ड लावलेल्या ऑल्टोने अडवू द्या, मग बघा. तुमच्या इतकं हे कोणाला माहीत असणार, दिवसभर त्या बोर्डाखाली बसून शिव्या तुम्हीच खाता. पण यातून निघतं काय, तर राग आंधळा नाहीये. डोकं फिरलेल्या माणसाचं डोकं पण एका क्षणात हिशोब करतं की समोर कोण आहे. जो फॉर्च्युनर बघून आवरू शकतो, तो ऑल्टो बघून पण आवरू शकतो. म्हणजे ही सवय आहे. आणि सवयी लावणं हाच तर तुमचा धंदा आहे ना!

आता जॅममधलं अजून एक दुखणं, हे तर मला वाचेपर्यंत माहीतच नव्हतं. बाजूची लेन नेहमी जास्त पळते, हे सगळ्यांना वाटतं, बरोबर? टोरंटोचे एक डॉक्टर रेडेलमायर आणि संख्याशास्त्रज्ञ टिबशिरानी, यांनी १९९९ मध्ये यावर लिहिलं की दोन्ही लेन सरासरी सारख्याच वेगाने जात असल्या तरी प्रत्येकाला वाटणार की बाजूची पळतेय. कारण असं बघा. आपली लेन सुटते तेव्हा बाजूची थांबलेली असते, आणि थांबलेल्या गाड्या एकमेकींना चिकटून असतात, म्हणून आपण दहा गाड्या दहा सेकंदात मागे टाकतो. बाजूची सुटते तेव्हा पळणाऱ्या गाड्यांमध्ये अंतर पडलेलं असतं, त्याच दहा गाड्या आपल्या बाजूने जायला कितीतरी जास्त वेळ घेतात. शेवटी गाड्या दोन्हीकडच्या सारख्याच झाल्या, पण मागे पडण्यात आपला वेळ जास्त गेला. वर आपण मागे टाकलेले मागे गेले, दिसेनासे झाले, आणि आपल्या पुढे गेलेले मात्र समोर दिसत राहतात, छातीवर बसल्यासारखे. म्हणजे दोन्ही लेनमधला प्रत्येक माणूस स्वतःला फसवला गेलेला समजून बसलेला आहे आणि कोणीही फसवलेलं नाही! अशा मनःस्थितीत तो लेन बदलतो, ज्याच्या पुढे येतो तो आधीच पेटलेला असतो, पुढचं मी वर सांगितलंच.

मुंबईत पोलिसांनी केलेली एक गंमत २०२० च्या सुरुवातीला गाजली होती, आठवत असेल, "पनिशिंग सिग्नल". काही सिग्नलना आवाज मोजायचं यंत्र जोडलं आणि हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद परत पहिल्यापासून सुरू. व्हिडिओ खूप फिरला, मला पण भयंकर आवडला होता. पण त्याने हॉर्न थांबेल फार तर, आतली वाफ तशीच. त्याआधी २०१५ मध्ये राज्याने ट्रकच्या मागचं "हॉर्न ओके प्लीज" लिहायला बंदी घातली, कारण ते वाचून लोक उगाच हॉर्न मारतात. तेही ठीक. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून विनाकारण हॉर्नला १००० रुपये दंड पण आहे. हे सगळं आवाज बंद करायचं झालं. माणसाला हॉर्नऐवजी करायला काय दिलं? काहीच नाही.

आणि इथे सर, तुमचा नंबर येतो.

मला शिकवणारे सर खूप चांगले होते, शाळेचं नाव घेत नाही, शांत माणूस, कधी ओरडले नाहीत. पहिल्यांदा मेन रोडला लागायची वेळ आली, मी इंडिकेटर देऊन बसले, कोणी जाऊ देईना. तर सर म्हणाले, "मॅडम, असं बसलात तर इथेच संध्याकाळ होईल. नाक घाला. नाक घातलं की झक मारत थांबतात." मी घातलं आणि ते थांबले. सर म्हणाले, "आता आलं तुम्हाला." माझ्या चार मैत्रिणींना विचारलं, चौघींना हेच वाक्य, शाळा वेगळ्या. म्हणजे हा आपला अलिखित सिलॅबस आहे. मी सरांना दोष देत नाही, त्यांनी मला रस्त्यावर टिकायला शिकवलं. पण बघा, त्या संध्याकाळी त्या पांढऱ्या गाडीतल्या बाईने पण नाकच घातलं होतं. तिच्या सरांनी शिकवलेलं. आणि अण्णांच्या सरांनी त्यांना शिकवलं असणार की गॅप सोडू नका, सोडलात की कोणीतरी घुसतो. दोन हुशार विद्यार्थी समोरासमोर आले, इतकंच झालं.

आता लिखित सिलॅबसबद्दल. तो मी काढून वाचला, रिकामटेकडी म्हणा हवं तर. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम ३१. कारसाठी २१ दिवसांचा कोर्स आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं १० तासांपेक्षा कमी नको असं त्यात आहे. आणि थिअरीच्या भागात चक्क लिहिलंय, ड्रायव्हरची रस्त्यावरची जबाबदारी: इतरांचा विचार, सौजन्य आणि स्पर्धा, फाजील आत्मविश्वास, उतावळेपणा. लेन मिळणं आणि वेगळी होणं हे पण आहे त्यात. १९८९ मध्ये दिल्लीत बसलेल्या कोणालातरी हे सुचलं होतं हो! आणि आपण काय शिकतो, तर क्लच, गिअर, चढावर हाफ क्लच, रिव्हर्स, आणि आरटीओच्या टेस्टसाठी एच. सगळं गाडीचं गाडीशी. माणसाचं माणसाशी काही नाही. बरं, शिकवणी पण सकाळी सहा-सातला मोकळ्या रस्त्यावर, कारण तेव्हा बरं पडतं. म्हणजे ज्या जॅममध्ये आम्ही पुढची तीस वर्षं काढणार आहोत, त्यात तुम्ही आम्हाला एकदा पण नेत नाही.

तर मागणं असं आहे की २१ मधला एक दिवस, एकच, संध्याकाळी साडेसहाचा ठेवा. भर जॅममध्ये. त्या दिवशी गिअर-बिअर काही शिकवू नका. जिथे दोन लेनची एक होते तिथे न्या आणि एकाआड एक जायला शिकवा, एक आपली, एक त्यांची, अगदी लेन संपते तिथपर्यंत जाऊन. जर्मनीत हे कायद्यातच आहे आणि त्याला चेनची पद्धत म्हणतात, चेनचे दात कसे एकाआड एक बसतात तशी. महत्त्वाचं काय, तर एकच गाडी आत घ्यायची आणि मग निघायचं. सगळ्यांना जाऊ देणारा पण मागच्यांचा राग ओढवून घेतो आणि त्या रागात चूक नाही, तो दुसऱ्याच्या वेळेवर दानधर्म करतोय. एक घेतला, पुढे. मागच्याने हॉर्न मारला तरी त्याचं नुकसान २ सेकंद, हा आकडा विद्यार्थ्याला तिथेच घड्याळ लावून दाखवा. जागेवर बघितलेलं डोक्यात बसतं.

दुसरं, हात. आत घेतल्यावर हात कसा दाखवायचा, घुसावं लागलं तर माफी कशी मागायची, हे पहिल्या दिवसापासून इंडिकेटरइतकं पक्कं करा. तळहात पूर्ण उघडा, बोटं वर, काचेच्या जवळ, एक सेकंद स्थिर. हलवलात की "काय रे" असा अर्थ होतो, तर्जनी वर आली की संपलंच. काळी काच असेल तर खाली करून हात बाहेर. घाटात ट्रकवाले दिव्यांनी, हातांनी एकमेकांशी अख्खं संभाषण करतात, मागच्याला पुढे जा सांगतात, थांब सांगतात, आभार मानतात. ती भाषा त्यांनी क्लीनरच्या सीटवर बसून शिकलेली असते. आम्हाला क्लीनरची सीट मिळतच नाही. म्हणून त्या दिवशी अर्धा तास विद्यार्थ्याला बाजूला बसवा, गाडी तुम्ही चालवा आणि त्याला फक्त दुसऱ्या गाड्यांमधले चेहरे बघायला सांगा. मी अण्णांच्या बाजूला बसले होते म्हणून मला त्या बाईचा हात दिसला. अण्णांना तो दिसलाच उशिरा.

तिसरं जरा नाजूक आहे. तुमच्या स्वतःच्या तोंडाचं. शिकवताना बाजूच्याला तुम्ही जे बोलता ते आम्ही क्लचपेक्षा लवकर शिकतो. "हे रिक्षावाले असलेच", "लेडीज असेल", "बाहेरगावची पासिंग आहे, यांना काय कळतंय", ही वाक्यं मला माझ्या तोंडून ऐकू येतात आणि त्यातलं एक तर मी स्वतः बाई असून म्हणते. समोरची गाडी एका माणसाची न राहता एका जातीची झाली की तिला शिवी द्यायला सोपं जातं. फार नाही, नुसतं "थांबू दे त्याला, काहीतरी असेल" एवढं एक वाक्य तुमच्या तोंडी बसलं तरी दर महिन्याच्या बॅचबरोबर ते शहरभर जाईल.

याने जॅम जाणार नाही हे मलाही कळतं. हिंजवडीतून एकाच वेळी सुटणारी ऑफिसं, अरुंद अंडरपास, खड्डे, राँग साइडने येणारे टँकर, हे तुमच्या हातात नाही आणि एकाआड एक गेल्याने रस्ता रुंद होत नाही. आणि उकाड्याचं पण आहेच, ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये १९८६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की तापमान वाढलं तसे हॉर्न वाढले आणि काचा उघड्या असलेल्यांचे, म्हणजे बहुधा एसी नसलेल्यांचे, जास्त वाढले. मे महिन्यात तुम्ही कितीही शिकवलंत तरी थोडी घसरण होणार. जे मुळातच भांडायला घराबाहेर पडतात त्यांना पण काही फरक पडणार नाही. अशा माणसाशी नजर मिळवू नका, काच वर घ्या आणि त्याला जाऊ द्या, हेही त्याच दिवशी सांगून टाका, विशेषतः पोरींना आणि म्हाताऱ्या माणसांना.

पण मी ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्या अण्णांसारख्यांना फरक पडेल, कारण त्यांना माफी मागता येते, माफ करता येतं, फक्त गाडीतून कसं करायचं ते कोणी दाखवलेलं नाही.

संध्याकाळच्या बॅचला पेट्रोल जास्त जळेल, वेळ जाईल, गाडीला ओरखडे पडतील, हे मान्य. त्या एका दिवसाचे वेगळे पैसे लावा. माझा भाचा पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण करतोय, लर्निंग काढणार आहे, वाकड-पिंपळे सौदागर भागात कोणी साडेसहाचा असा दिवस ठेवणार असेल तर त्याचं नाव पहिलं लिहून घ्या. फी आगाऊ देते.

आपली,
एक जुनी विद्यार्थिनी
वाकड, पुणे